अर्ध्या डोक्याला सल्फेट, अर्ध्याला सल्फेट-फ्री: घरच्या घरी करायची परीक्षा

ताईने नवी बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "वाच गं, तुझंच काम आहे हे." मी काही वर्षं शॅम्पू बनवणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे, त्यामुळे घरातली प्रत्येक बाटली कधी ना कधी माझ्या हातात येतेच. पुढे मोठ्या अक्षरांत 'सल्फेट-फ्री' होतं. मागच्या बारीक यादीत पाण्यानंतर लगेच दुसरं नाव होतं सोडियम सी14-16 ओलेफिन सल्फोनेट. लेबल खोटं नव्हतं, कारण सल्फोनेट म्हणजे सल्फेट नव्हे. पण दोघं चुलतभाऊ आहेत, आणि तेल काढण्यात हा चुलतभाऊ कुठेही कमी पडत नाही. जुन्या शॅम्पूने टोकं राठ होतात म्हणून ताईने ही बाटली आणली होती, आणि आता टोकं आणखी राठ झाल्याची तक्रार घेऊन ती आली होती.

सल्फेट-फ्रीने केस खरंच सुधारतात का, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. तुमच्या डोक्यापुरतं उत्तर मात्र महिन्या-दोन महिन्यांत घरीच काढता येतं. त्याची पद्धत खाली देते. त्याआधी केसाबद्दल थोडं बोलावं लागेल, नाहीतर परीक्षेत नेमकं काय बघायचं हेच कळणार नाही.

'निरोगी केस' म्हणजे नेमकं काय तपासायचं

त्वचेच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला काही लावून तो बरा होत नाही, फक्त कमी किंवा जास्त झिजतो. त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. सर्वांत वरच्या खवल्यांवर मेदाचा एक अगदी पातळ थर रासायनिक बंधाने पक्का चिकटलेला असतो. त्या थरामुळे केस एकमेकांवरून घसरतात आणि पाणी झटकतात. ब्लीच केल्यावर हा थर जातो आणि परत येत नाही.

केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 36 सेंटिमीटर लांब केसाचं टोक 3 वर्षांचं असतं. आठवड्यातून दोनदा न्हात असाल तर त्या टोकाने 300 हून अधिक आंघोळी, तितकेच टॉवेल आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा कंगवा सोसलेला असतो. मुळाजवळचा केस कालपरवाचा. म्हणून शॅम्पूचा न्याय करायचा तर दोन जागा वेगवेगळ्या बघाव्या लागतात: मुळाशी त्वचा, आणि खाली टोकं. 'माझ्या केसांना मानवला' या वाक्यात दोन्हींची सरमिसळ होते, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

आता सल्फेट. सोडियम लॉरिल सल्फेट आणि त्याचा सौम्य भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट हे मळ काढणारे रेणू आहेत. त्यांचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. पाण्यात ते गोळा होऊन छोटे पुंजके करतात आणि तेल त्या पुंजक्यांच्या पोटात घेऊन जातात. त्वचेला मुख्यतः चावतात ते पुंजक्यात न सामावलेले सुटे रेणू. म्हणूनच बहुतेक शॅम्पूंत लॉरेथ सल्फेटच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन घातलेलं असतं. दोघं मिळून पुंजके लवकर बांधतात, सुटे रेणू कमी उरतात, आणि तेवढंच सल्फेट असूनही मिश्रण सौम्य होतं. यादीत फक्त एक नाव बघून शॅम्पू कडक की मऊ ते सांगता येत नाही, ते यामुळे.

सल्फेटची बदनामीही अगदीच हवेतली नाही. त्वचारोगशास्त्रात लॉरिल सल्फेट हे मुद्दाम जळजळ उठवण्यासाठी वापरलं जाणारं प्रमाण रसायन आहे. पण तिथे ते पट्टीखाली तासन् तास दाबून ठेवतात. शॅम्पू मिनिटभर, पाण्यात पातळ होऊन, डोक्यावर असतो. कर्करोगाच्या ज्या अफवा वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आल्या आहेत त्यांना आधार नाही, तो विषय इथेच सोडते.

गंमत म्हणजे सल्फेट स्वतः एकेकाळी 'नवा, सौम्य' पर्याय म्हणून आलं. 1934 मध्ये अमेरिकेत ड्रीन नावाचा शॅम्पू निघाला तेव्हा लोक साबणाने केस धूत होते आणि जड पाण्यात साबणाचा पांढरा थर केसांवर बसायचा. सल्फेटने तो बसत नव्हता, हीच त्याची जाहिरात.

पायरी 1: बाटली उलटी करा

यादीत घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. 1 टक्क्याखालचे घटक मात्र कुठल्याही क्रमाने लिहिता येतात, त्यामुळे शेवटच्या फुलापानांच्या अर्कांच्या रांगेकडे लक्ष देऊ नका. पाण्यानंतरची पहिली तीन-चार नावं वाचा.

लॉरिल सल्फेट, लॉरेथ सल्फेट, अमोनियम लॉरिल सल्फेट आणि सोडियम कोको सल्फेट ही चारही सल्फेटच. शेवटचं नाव नारळावरून आल्यामुळे सोज्वळ वाटतं, पण त्यात लॉरिल सल्फेटचा मोठा वाटा असतो. ओलेफिन सल्फोनेट दिसलं तर बाटली सल्फेट-फ्री आहे, सौम्य असेलच असं नाही. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकोइल ग्लुटामेट, मिथिल कोकोइल टॉरेट, डेसिल ग्लुकोसाइड ही नावं वर असतील तर शॅम्पू बहुधा खरंच मवाळ आहे.

मग यादीच्या मध्यावर दोन प्रकारची नावं शोधा: पॉलिक्वाटर्नियम किंवा ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड, आणि डायमेथिकोन. पहिली दोन्ही धन विद्युतभार असलेली लांब साखळी-रसायनं आहेत, तिसरं सिलिकोन. शॅम्पू पाण्याने पातळ होताना ही साखळी-रसायनं केसावर बसतात. न्हाऊन झाल्या झाल्या लागणारा मऊपणा बव्हंशी यांचा असतो. 'सल्फेट सोडलं आणि पहिल्याच धुण्यात केस रेशमी झाले' असं कुणी सांगितलं की मी आधी ही नावं बघते.

ताईची जुनी बाटली लॉरेथ सल्फेट, बीटेन, पॉलिक्वाटर्नियम-10 आणि डायमेथिकोन अशी होती. नवीत ओलेफिन सल्फोनेट, थोडं बीटेन आणि अर्कांची लांबलचक रांग. केसावर बसणारं काहीच नाही. तक्रारीचं अर्धं कारण इथेच सापडलं, पण अंदाज तो अंदाज.

पायरी 2: सुरुवातीची नोंद

परीक्षा सुरू करण्याआधी कोरड्या केसांची एक बट पांढऱ्या कागदावर ताणून धरा. मुळाजवळ पाण्याचा एक थेंब सोडा आणि टोकाजवळ दुसरा. ताईच्या मुळाजवळ थेंब मोत्यासारखा उभा राहिला. खाली, जिथे तिने दोन वर्षांपूर्वी ब्लीच केलं होतं तिथे, तो बघता बघता केसांत शिरला. तो मेदाचा थर गेलेला आहे, हे याहून सोप्या रीतीने दिसत नाही. केसांवर सिलिकोन बसलेलं असेल तर मात्र झिजलेल्या टोकावरही थेंब उभा राहतो. म्हणून हे करण्याआधी केस एकदा साध्या, पारदर्शक, कंडिशनर नसलेल्या शॅम्पूने दोनदा धुवा. दोन्ही बाजूंची पाटी तेव्हाच सारखी कोरी होते.

डोक्यावर जखमा असतील, खाज-पापुद्रे असतील किंवा डॉक्टरांचा औषधी शॅम्पू चालू असेल, तर ही परीक्षा करू नका.

पायरी 3: भांग पाडा आणि चार आठवडे धुवा

कपाळापासून मानेपर्यंत मधोमध भांग पाडा. दोन्ही शॅम्पू कुणाला तरी सारख्या कोऱ्या बाटल्यांत ओतायला सांगा, एकीवर लाल दोरा, दुसरीवर निळा. कुठली कुठली ते त्या व्यक्तीलाच ठाऊक असू द्या. फेसावरून ओळखू येण्याची शक्यता असते हे खरं, पण लेबल समोर नसल्याचा फायदा होतोच.

एका बाजूचे केस घट्ट बांधून प्लास्टिकच्या टोपीत घाला आणि मान त्या बाजूपासून दूर वाकवून दुसरी बाजू धुवा. ओघळ पलीकडे गेला तर परीक्षा फसली. खांद्यापर्यंत केसांना एका बाजूला 5 मिलिलिटर पुरतं, औषधाच्या बाटलीचं झाकण माप म्हणून घ्या. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, कारण सल्फेट-फ्रीला फेस कमी येतो आणि हात आपोआप दुप्पट ओततो. फेस म्हणजे सफाई नव्हे, पण हाताला ते पटत नाही.

शॅम्पू फक्त डोक्याच्या त्वचेवर, बोटांच्या पेरांनी, एक मिनिट. टोकांना मुद्दाम चोळायचं नाही, धुताना खाली ओघळणारा फेस त्यांना पुरतो. पाणी दोन्हीकडे सारखंच कोमट. कंडिशनर एकच, मापून, कानाखालच्या केसांना. तेल लावायचं असेल तर दोन्हीकडे सारखं, नाहीतर कुठेच नाही.

आठवड्यातून दोनदा, म्हणजे चार आठवड्यांत 8 वेळा. मग बाटल्यांच्या बाजू बदला आणि पुन्हा चार आठवडे. हे कंटाळवाणं वाटतं आणि लोक इथेच सोडतात, पण बाजू बदलल्याशिवाय निकाल धरू नका. तुम्ही उजव्या कुशीवर झोपत असाल, कंगवा उजव्या हाताने फिरवत असाल, तर उजवी बाजू शॅम्पूशी काही संबंध नसताना वेगळी झिजत असते.

पायरी 4: काय लिहायचं

न्हायल्यानंतर केस पूर्ण वाळले की, दुसऱ्या दिवशी सकाळी कंगवा फिरवण्याआधी, दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही टोकं डोळे मिटून चाचपायला सांगा: राठ कुठली? मग पांढरा पंचा खांद्यावर टाकून आधी एक बाजू, पंचा झटकून दुसरी बाजू विंचरा आणि पडलेले केस बघा. पूर्ण लांबीचा, एका टोकाला बारीक पांढरी गाठ असलेला केस गळलेला असतो. तो महिन्यांपूर्वीच विश्रांतीच्या अवस्थेत गेला होता, दिवसाला 50 ते 100 असे केस जाणं सामान्य आहे आणि त्यात या शॅम्पूचा दोष नाही. गाठ नसलेला आखूड तुकडा म्हणजे तुटलेला केस. मोजायचे ते हे तुकडे.

त्वचेसाठी दोनच नोंदी. धुतल्या धुतल्या झोंबलं का, दिवसभरात खाज आली का; आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुळाशी टिश्यू पेपर दाबला तर कुठल्या बाजूला तेलाचा डाग मोठा. ओले केस बोटांत धरून ओढले की करकर वाजतात का, हेही बघा. तो आवाज अनेकांना स्वच्छतेची खूण वाटतो. प्रत्यक्षात तो खवले उघड्यावर घासल्याचा आवाज आहे.

ताईच्या डोक्यावर काय दिसलं

पहिल्या चार आठवड्यांत सल्फोनेटची बाजू टोकांना राठ लागली. आईने डोळे मिटून 8 पैकी 7 वेळा तीच सांगितली. बाजू बदलल्यावर राठपणाही बदलून गेला. म्हणजे दोष कुशीचा नव्हता, बाटलीचा होता: 'सल्फेट-फ्री' हरलं, सल्फेटवालं जिंकलं. मुळाशी मात्र दोन्हीकडे एकच हकिकत, खाजही नाही आणि तेलाचे डागही जवळपास सारखे.

मग तिसरी बाटली घेतली, आयसेथिओनेट आणि बीटेनची, पॉलिक्वाटर्नियम असलेली, आणि ती जुन्या सल्फेट शॅम्पूसमोर उभी केली. इथे टोकांमधला फरक इतका बारीक होता की आई चार वेळा गोंधळली. तुकडे आयसेथिओनेटच्या बाजूला किंचित कमी पडले, ओले केस करकर वाजणं थांबलं. पण एका रविवारी ताईने दोन्ही बाजूंना भरपूर तेल चोपडलं आणि न्हायली, तेव्हा त्याच बाजूचं तेल एका धुण्यात निघेना. दुसऱ्यांदा धुवावं लागलं.

या सगळ्यात माझ्या डोळ्यांत भरली ती वेगळीच गोष्ट. आठ आठवड्यांत दोन्ही बाजूंचे तुटलेले तुकडे कमी झाले होते. बाजूबाजूंत जो फरक होता त्यापेक्षा सुरुवातीपासूनचा हा फरक मोठा होता. दोन्ही बाजूंना नवं काय घडलं होतं? शॅम्पू मापून, फक्त त्वचेला, आणि कंडिशनर दर वेळी टोकांना. आधी ताई शॅम्पू थेट डोक्यावर ओतून सगळे केस वर गोळा करून कपडे धुतल्यासारखे चोळायची. ओला केस फुगलेला आणि कमजोर असतो, तेव्हाचं घासणं सर्वांत महाग पडतं.

निकाल वाचताना होणाऱ्या चुका

'पहिले काही आठवडे केस तेलकट होतील, डोक्याला सवय होऊ द्या' हे वाक्य सल्फेट-फ्रीच्या जाहिरातींत हटकून असतं. त्वचेखालच्या ग्रंथी किती तेल सोडतात ते प्रामुख्याने हार्मोन्स ठरवतात. शॅम्पू बदलला म्हणून त्या आवरतं घेत नाहीत. महिन्याभराने मुळं अजूनही दुसऱ्याच दिवशी चिकट होत असतील तर तो शॅम्पू तुम्हाला अपुरा पडतो आहे, एवढंच. केस लोंबकळू लागले, हाताला मेणासारखा थर लागला, तर तेल, सिलिकोन आणि साखळी-रसायनं साचली आहेत. तीन-चार आठवड्यांतून एकदा साध्या सल्फेट शॅम्पूने धुतलं की ती निघतात. त्यात पाप काही नाही.

कोंड्याच्या बाबतीत तर मी सल्फेट-फ्रीचा आग्रह सोडूनच द्या म्हणेन. कोंड्यामागची बुरशी त्वचेच्या तेलावर जगते. मवाळ शॅम्पू आणि कमी वेळा धुणं म्हणजे तिला मेजवानी. झिंक पायरिथिओन किंवा केटोकोनॅझोल असलेला शॅम्पू डोक्यावर 3 ते 5 मिनिटं ठेवणं हे तिथलं काम आहे, मग त्यात लॉरेथ सल्फेट असलं तरी चालेल. टोकांना आधी कंडिशनर लावून ठेवलं की ती वाचतात.

रंग टिकण्यासाठी सल्फेट-फ्री घेतलेल्यांची निराशा का होते तेही सांगते. रंग मोठ्या प्रमाणात नुसत्या पाण्यानेही धुतला जातो, कारण पाण्याने केस फुगतो आणि रंगाचे रेणू बाहेर येतात. रंग टिकवायला शॅम्पू बदलण्यापेक्षा धुण्याची संख्या आणि पाण्याचा कढतपणा कमी केलेला जास्त उपयोगी पडतो.

आणि एक उलटी शक्यता. सल्फेट-फ्री घेतल्यावर एक-दोन दिवसांनी मानेवर, कानांमागे किंवा पापण्यांवर, म्हणजे जिथून फेस ओघळतो तिथे, खाजरं लाल पुरळ उठू लागलं तर ती ॲलर्जी असू शकते. कोकामिडोप्रोपिल बीटेनमधल्या अशुद्धींची आणि डेसिल ग्लुकोसाइडसारख्या ग्लुकोसाइडांची ॲलर्जी त्वचातज्ज्ञांना परिचयाची आहे. सल्फेटची जळजळ सहसा धुतानाच झोंबून कळते, ॲलर्जी उशिरा येते. ती ओळखायला पॅच टेस्टच लागते, बाटल्या बदलत बसून कळत नाही.

मग कुणी घ्यावा

ब्लीच केलेले किंवा वारंवार रंगवलेले केस, खूप कुरळे आणि मुळापासून कोरडे केस, आणि धुताना झोंबणारी त्वचा: या तिघांना आयसेथिओनेट किंवा ग्लुटामेटचा शॅम्पू खरंच वेगळा वाटेल. केस जितके लांब, तितका तो बारीक फरक टोकाशी साचत जातो. आखूड, सरळ, न रंगवलेले केस आणि तेलकट मुळं असतील तर जास्तीचे पैसे लेबलाला जातात. लॉरेथ सल्फेट-बीटेनचा साधा शॅम्पू त्यांना पुरतो, आणि उरलेले पैसे चांगल्या कंडिशनरवर घालावेत असं माझं मत.

ताईकडे सध्या दोन बाटल्या आहेत. एरवी आयसेथिओनेटची, आणि तेल लावलेल्या रविवारी जुनी सल्फेटवाली. सल्फोनेटची उरलेली पाऊण बाटली वाया नाही गेली. कंगवे आणि ब्रश त्या शॅम्पूने धुतात, आणि ते लख्ख निघतात.